पुट्टा सोफ्यावर चढला

त्या खुर्चीच्या गादीत खड्डा होता. माझ्या आधी तिच्यावर बसणारा माणूस अंगाने भरलेला होता आणि डाव्या बाजूला रेलून काम करायचा, म्हणून खड्डाही डावीकडेच. मी बसले की आपोआप कलंडायचे आणि संध्याकाळी बनशंकरीच्या बसमध्ये कंबरेवर हात ठेवून उभी राहायचे. तरीही ती खुर्ची मला हवी होती. हट्टाने हवी होती.

ही नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. शहराला तेव्हा आम्ही बंगलोरच म्हणायचो. लग्न होऊन मी नागपूरहून इथे आले. नवरा सरकारी कारखान्यात इंजिनिअर, सकाळी डबा घेऊन कंपनीच्या बसने जाणार आणि अंधार पडताना परत येणार. घरात बसून मी भिंतींशी भांडायला लागले तेव्हा त्यानेच मला डीटीपीच्या वर्गात नेऊन घातलं. तिथून मी एका छोट्या स्टुडिओत चिकटले. छापखान्याकडे जायच्या आधीची सगळी कामं आम्ही करायचो: मजकूर जुळवणं, फोटो स्कॅन करणं, रंग सुधारणं. माझ्या वाट्याला आली होती लोणच्याच्या बाटल्यांची लेबलं आणि लग्नपत्रिका. कानडी मला वाचता येत नव्हती, त्यामुळे इंग्रजी लेबलं माझी आणि कानडी दुसऱ्यांची.

आतल्या काचेच्या खोलीत मोठा कॉम्प्युटर होता. त्या खोलीला एसी होता, पण तो यंत्रासाठी. माणसांनी त्यात वाटा मागायचा नाही. तिथे फोटो दुरुस्त व्हायचे. आकाशातल्या तारा पुसल्या जायच्या, कुकर चकचकीत व्हायचे, पंख्यांची पाती सरळ व्हायची. त्या खुर्चीवरचा माणूस एका सॉफ्टवेअर कंपनीत निघून गेला आणि खोली रिकामी झाली. तो काम करत असताना मी मागे उभी राहून राहून त्याची निम्मी विद्या उचललीच होती. उरलेली निम्मी त्याच्या जाण्यानंतर पुस्तकं उघडून आणि यंत्राला शिव्या घालून शिकले.

आमचे सर कन्नडिग, माझ्याशी हिंदीत बोलायचे. शांत माणूस, मोजकंच बोलणारा. ते म्हणाले, "एक काम देता हूँ. क्लायंट ने पास किया तो कुर्सी आपकी. नहीं तो मुंबई से आदमी बुलाना पड़ेगा."

म्हणजे पुन्हा लोणचं. मी म्हटलं, द्या.

काम पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका सोफ्याच्या कारखान्याचं होतं. मालक मराठी, पण चार पिढ्यांपासून बंगलोरचे, त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी अशी मिसळलेली की कुठून सुटी करावी कळू नये. त्यांना नव्या सोफ्याचं माहितीपत्रक छापायचं होतं. कारखान्यातच एका कोपऱ्यात खोटी भिंत उभारून, पडदा लावून, उजवीकडे खिडकी असल्यासारखा मोठा दिवा लावून फोटोग्राफरने सोफ्याचा सुरेख फोटो काढला होता. तांबडा-किरमिजी सोफा, त्यावर बारीक पिवळट पट्टे. सगळं झकास होतं, पण फोटोतल्या खोलीत कुणी राहत नव्हतं. सोफा दुकानात ठेवल्यासारखा दिसत होता.

"म्हणून म्हटलं, आमचा पुट्टा बसवा त्यावर," मालक म्हणाले. "घर वाटेल की नाही अक्का?"

पुट्टा म्हणजे कानडीत छोटू. हा छोटू आता म्हातारा झालेला, पांढरा, केसाळ कुत्रा होता. कारखाना सुरू झाला त्या वर्षी फाटकाशी कुणीतरी सोडून दिलेलं पिल्लू मालकांनी घरी आणलं होतं. कारखान्याचं आणि त्याचं वय एक. त्याच्या पायगुणानेच धंदा चालला असं मालक छातीठोकपणे सांगत. त्यांना तो माहितीपत्रकात हवाच होता, आणि मला त्यांचं म्हणणं आवडलं.

"मग त्याला कारखान्यात आणून सोफ्यावरच बसवून फोटो का नाही काढला?" मी विचारलं.

मालक हसले. "अय्यो, तो चढणार नाही. आईने लहानपणापासून सोफ्यावर पाय ठेवू दिला नाही त्याला. आता तुम्ही लाडू दिला तरी चढणार नाही. आणि कारखान्यात करवतीचा आवाज ऐकला की थरथरतो."

ही आई म्हणजे त्या घरातलं शेवटचं न्यायालय. कारखान्यातून निघणारा सोफ्याचा प्रत्येक नवा प्रकार आधी घरी जायचा. आजी त्यावर बसायच्या, पाठ टेकवायच्या, उठायच्या, पुन्हा बसायच्या. त्यांनी मान हलवली तर माल बाजारात, नाहीतर सुतार परत कामाला. माहितीपत्रकही त्यांना दाखवल्याशिवाय छापायला जाणार नव्हतं. "आई सरी म्हणाली की सरी," मालकांनी सांगून टाकलं; सरी म्हणजे कानडीत ठीक. म्हणजे माझी खुर्ची सरांच्या नव्हे, त्या आजींच्या हातात होती.

त्यांनी मला पुट्ट्याचा एक घरगुती फोटो दिला. व्हरांड्यात फरशीवर बसलेला, पुढचे पाय लांब केलेले, मान वर. चांगला फोटो होता. मी तो स्कॅन केला आणि कामाला लागले.

कुत्रा कापून काढणं हे पहिलं संकट. कुकर कापायचा तर कडेने एक स्वच्छ रेघ ओढली की भागतं. कुत्र्याला कड नसते. रेघेने कापला तर तो पुठ्ठ्याचा होतो. मी लाल, हिरवा, निळा असे रंगांचे तीन थर सुटे करून पाहिले, ज्यात पुट्टा आणि फरशी सगळ्यांत वेगळी दिसत होती तो थर उचलला, त्याची प्रत काढून तिच्यातला काळ्या-पांढऱ्याचा फरक वाढवत नेला, आणि त्या प्रतीचा मुखवटा करून कुत्रा वेगळा काढला. मग कडेचे चुकार केस बारीक ब्रशने एकेक ओढले. त्या वेळच्या सॉफ्टवेअरमध्ये चूक झाली तर एकच पाऊल मागे जाता यायचं. दोन चुका केल्या की गेलं सगळं. म्हणून थोडं काम करायचं, नव्या नावाने जपून ठेवायचं, पुन्हा थोडं काम. यंत्र प्रत्येक वेळी विचारात पडायचं आणि मी दातओठ खात बसायचे. माझ्या नाकावर राग असतो हे नवरा सांगतो ते खोटं नाही. पण त्या यंत्रासमोर संतसुद्धा संत राहिला नसता.

दुसरं संकट प्रकाशाचं. सोफ्याच्या फोटोत प्रकाश उजवीकडून. व्हरांड्यात ऊन डावीकडून. याला आमच्या धंद्यात एक सोपा उपाय होता, सगळे वापरायचे: चित्र उलटं करायचं. आरशात पाहिल्यासारखं. मिक्सर असो की मेज, प्रकाश चुकला की उलटं करा. त्यावर अक्षरं नसली म्हणजे कुणाला काही कळत नाही. मीही पुट्ट्याला उलटं केलं. प्रकाश झटकन जुळला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मग तो सोफ्यावर ठेवला, खाली मऊ सावली रंगवली आणि सरांना बोलावलं.

सर पडद्यापाशी वाकले. मग म्हणाले, "हवा में है."

मला संताप आला, कारण ते खरं होतं. सावली होती, प्रकाश होता, केस होते, पण कुत्रा सोफ्यावर नव्हता, सोफ्याच्या समोर तरंगत होता. कारण शोधायला वेळ लागला नाही. गादी सपाट होती. त्याहून वाईट म्हणजे ते पट्टे. एवढा कुत्रा वर बसलाय आणि पट्टे आपले त्याच्या पोटाखाली सरळ शिस्तीत चाललेत. गादीच्या कडेची गोटसुद्धा पट्टी ठेवून आखल्यासारखी. पट्टे वाकायला हवे होते, गोट खाली झुकायला हवी होती, खड्ड्याभोवती कापडाला वळ्या पडायला हव्या होत्या. हे सगळं ब्रशने रंगवणं म्हणजे खोट्याच्या पोटी खोटं. खऱ्या खड्ड्याचा खरा फोटो हवा होता.

मी मालकांना फोन केला. म्हटलं, सोफ्याच्या गादीत खड्डा पाडून पुन्हा फोटो काढायचाय.

ते म्हणाले, "खड्डा? आमच्या सोफ्यात?"

दुसऱ्या दिवशी मी पीण्याला गेले. एका बाजूला लेथचे कारखाने, दुसऱ्या बाजूला करवती, अधेमधे चहाची टपरी. मालक दारातच उभे होते, गंभीर. त्यांनी मला आत नेऊन भिंतीवरची पाटी दाखवली. पाटीवर त्यांच्या फोमची कीर्ती लिहिली होती: कधीही न खचणारा. वीस वर्षं बसा, खचणार नाही, असा त्यांचा शब्द होता गिऱ्हाइकांना.

"आणि तुम्ही म्हणताय, पहिल्याच पानावर खड्डा दाखवायचा? कुत्र्याच्या वजनाने? लोक काय म्हणतील अक्का? माणूस बसला तर जमिनीला टेकेल म्हणतील!"

"पण काका, खड्डा नसला तर कुत्रा तरंगतोय," मी म्हटलं. "मग लोक म्हणतील गादी दगडाची आहे."

"दगडाची नाही! मऊ आहे!"

"मऊ असेल तर दबेल ना?"

"दबेल. पण खचणार नाही."

"मग दबलेलीच दाखवू या. खचलेली कुठे म्हणतेय मी?"

ते जाऊन त्याच सोफ्यावर धप्पकन बसले. थोडा वेळ बसून राहिले, जणू स्वतःच्याच मालाची परीक्षा घेतायत. उठले आणि मागे वळून पाहिलं. मीही पाहिलं. गादीतला खड्डा हळूहळू भरून येत होता, पट्टे सरळ होत होते. मालकांचा चेहरा उजळला.

"बघितलंत? दबतो आणि परत येतो. सरी, काढा फोटो. पण स्वल्पच खड्डा हं. फार नको."

मी पुट्ट्याच्या फोटोची प्रत बरोबर नेली होती. कुत्रा असा बसतो तेव्हा त्याचं वजन एकाच जागी नसतं. मागे ढुंगणाशी जास्त, पुढे कोपरांशी थोडं, आणि मधल्या पोटाखाली जवळजवळ काहीच नाही. एकच पोतं ठेवलं असतं तर भोपळ्याचा खड्डा पडला असता. म्हणून वाळूच्या दोन पिशव्या भरल्या, मागे मोठी, पुढे लहान, दोन्ही मिळून साधारण पुट्ट्याच्या वजनाच्या. फोटोग्राफरने कॅमेरा पहिल्या फोटोच्याच जागी आणि तेवढ्याच उंचीवर लावला, दिवाही तसाच उजवीकडे. फोटो निघाला तेव्हा पट्टे पिशव्यांकडे वाकले होते आणि गोट मधोमध खाली आली होती. मला इतका आनंद झाला की मी पिशव्यांनाच शाबास म्हटलं. कारखान्यातल्या कारागिरांनी माझ्याकडे जरा जपून पाहिलं.

पुढचे दिवस मजेत गेले. नवी गादी जुन्या फोटोवर बसवली, पिशव्या झाकल्या जातील असा पुट्टा वर ठेवला. जिथे अंग गादीला टेकतं तिथे सावली अगदी बारीक आणि गडद, तिथून बाहेर जावं तशी पसरट आणि फिकी. पुढच्या पंजांचे थोडे केस गादीच्या वळीआड गेले. सरांनी पाहिलं आणि या वेळी हवेचं नाव काढलं नाही. रंगीत प्रूफ काढून त्यांनी मलाच दिलं. "आप ही दिखाइए," म्हणाले.

मालकांचं घर जुन्या पद्धतीचं, पुढे तुळस, आत मोठा हॉल. आजी सोफ्यावर ताठ बसल्या होत्या, पारखायला घरी आणलेल्या त्याच किरमिजी पट्ट्यांच्या नव्या सोफ्यावर. नऊवारी, चष्मा, आणि नजर अशी की मी चप्पल नीट ठेवली का हे परत जाऊन पाहावंसं वाटलं. पायाशी पुट्टा जमिनीवर पसरला होता. मी त्याला प्रत्यक्षात पहिल्यांदाच पाहत होते. त्याच्या अंगातला कण न् कण मला ठाऊक होता, आणि त्याला मी कोण याचा पत्ता नव्हता.

आजींनी प्रूफ हातात घेतलं, जवळ धरलं, लांब धरलं. म्हणाल्या, "छान आहे. पण हा कोणाचा कुत्रा?"

"आई, आपला पुट्टा नाही का तो," मालक म्हणाले.

"आपला कसा? आपल्या पुट्ट्याचा डावा कान पडका. याचा उजवा पडलाय."

मी पुट्ट्याकडे पाहिलं. एक कान ताठ, दुसरा मोडून खाली आलेला. खाली आलेला डावा. मी चित्राकडे पाहिलं. उजवा. अर्थातच उजवा, मीच तर त्याला आरशात घातलं होतं.

"लहान होता तेव्हा कान पिकला होता त्याचा," आजी सांगत होत्या. "महिनाभर मी औषध घातलंय त्या कानात. डाव्या. मला सांगतोस?"

मालक वाकून पुट्ट्याचे कान बघायला लागले. माझे कान मात्र दोन्ही तापले. इतक्या दिवसांचं काम, आणि ज्या उपायावर मी सर्वांत खूश होते तोच अंगाशी आला. मिक्सरला कान नसतात, हे आमच्या धंद्याच्या लक्षात आलं नव्हतं. नुसता कान उलटवून चिकटवता आला असता, पण मग नाकावरचा करडा डागही चुकीच्या बाजूला होता, आणि या बाईंनी तोही पकडलाच असता. पुन्हा सुलटा केला तर प्रकाश चुकणार. फोटोच नवा हवा होता.

सरांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "एक बार और." त्याच्या पुढचं त्यांनी बोलायची गरज नव्हती. मुंबईचा माणूस मला त्या काचेच्या खोलीत बसलेला दिसायला लागला, मिशा वगैरे सकट.

या वेळी मी ठरवलं की आयत्या मिळालेल्या फोटोवर विसंबायचं नाही. फोटोग्राफरला घेऊन आम्ही मालकांच्या घरी गेलो. हॉलच्या खिडकीतून सकाळचा प्रकाश यायचा. कॅमेरा असा लावला की खिडकी उजव्या हाताला यावी, आणि कारखान्यातल्या फोटोत होता तेवढ्याच उंचीवर. खिडकीला पांढरी चादर लावली, म्हणजे ऊन मऊ होऊन येईल, कारखान्यातल्या दिव्यासारखं.

आता पुट्टा. मालकांनी विचारलं, "थेट सोफ्यावरच बसवून पाहू या का एकदा?" सगळ्यांनी आजींकडे पाहिलं. आजींनी नाक मुरडलं, पण म्हणाल्या, "बसवा. कामासाठी आहे."

मालकांनी सोफ्यावर थापटलं, "ये पुट्टा, बा, बा." पुट्टा उठला, जवळ आला, सोफ्याकडे पाहिलं, मालकांकडे पाहिलं, मग वळून आजींकडे पाहिलं आणि खाली बसला. बिस्किट दाखवलं, बसून राहिला. उचलून ठेवायला गेले तर चारही पाय ताठ, जणू विस्तवावर ठेवतायत. ठेवल्याबरोबर खाली उतरला आणि आजींच्या मागे जाऊन उभा राहिला. आजींच्या चेहऱ्यावर स्वच्छ अभिमान होता. आपण घालून दिलेली शिस्त एवढी पाळणारं त्या घरात दुसरं कोणी नव्हतं.

मी वेगळी तयारी करून आलेच होते. दोन बाकं जोडली, त्यावर जाड गोधडी, आणि गोधडीवर कारखान्यातून आणलेलं त्याच सोफ्याचं किरमिजी पट्ट्यांचं कापड. पांढऱ्या केसांवर खालचा रंग चढतो. किरमिजी गादीवर बसलेल्या पांढऱ्या कुत्र्याच्या पोटाला गुलाबी झाक येणारच, आणि फरशीवरच्या फोटोत ती नव्हती. शिवाय कडेच्या केसांत आता फरशीचा राखाडी रंग अडकणार नव्हता. अडकलाच तर सोफ्याचाच.

बंदी फक्त सोफ्याला होती. बाकं त्या कायद्यात नव्हती. मालकांनी उचलून ठेवल्यावर पुट्ट्याने कापड हुंगलं, आणि कारखान्याचा वास ओळखीचा निघाला असावा, कारण तो सुस्कारा टाकून आरामात बसला. मागचं अंग थोडं एका कुशीवर टाकून, पुढचे पाय लांब. म्हातारपणात कंबर दुखत असणार. मला त्याचं दुःख पुरेपूर कळत होतं, माझ्या खुर्चीमुळे. आजी कॅमेऱ्यामागे उभ्या राहिल्या, म्हणून त्याने मान वर करून थेट तिकडे पाहिलं. तोच फोटो मी निवडला.

तो एका कुशीवर बसलेला, त्यामुळे जुना खड्डा चालेना. मी पुन्हा पीण्याला गेले. या वेळी मागची मोठी पिशवी तिरकी ठेवली. मालकांनी स्वतः ती दोनदा हलवून पाहिली आणि म्हणाले, "अजून स्वल्प दाबा अक्का. तो जड आहे तसा." खड्ड्याची त्यांना गोडी लागली होती.

काचेच्या खोलीत बसून मी सगळं जुळवलं. उजव्या बाजूच्या केसांच्या टोकांवर उजेड, डावीकडे तेच केस हळूहळू करडे. पोटाखाली गुलाबी झाक आपोआप आलेली, तिला मी हातही लावला नाही. कोपरांशी आणि मांडीशी गडद सावली, मधे पोटाखाली थोडी हलकी. पट्टे वाकून त्याच्याखाली गेले आणि पलीकडून बाहेर आले. डावा कान पडका. शेवटचा केस ओढून मी हात मांडीवर ठेवले आणि बघत बसले. तो बसला होता. मला त्यात माझं काहीच दिसेना, नुसता सोफ्यावर बसलेला कुत्रा दिसत होता. असं सुख मला लग्नपत्रिकेने कधी दिलं नव्हतं.

प्रूफ घेऊन पुन्हा त्या हॉलमध्ये गेले. मालकांनी कॉफी आणवली. आजी त्याच जागी, पुट्टा त्याच फरशीवर, त्यांच्या पायाशी झोपलेला.

आजींनी प्रूफ घेतलं. चष्मा पुसला, पुन्हा लावला. कानावर बोट ठेवलं. नाकावरच्या डागावर ठेवलं. मग बोट खाली सरकलं, गादीच्या खड्ड्यावर आलं आणि तिथे थांबलं. वाकलेल्या पट्ट्यावरून त्यांनी ते हळूच फिरवलं, कापड चाचपून पाहावं तसं. कपाळाला आठी पडली.

आणि आजी एकदम खाली वाकून कडाडल्या, "काय रे! कधी चढलास वर? लाज नाही वाटत?"

पुट्टा खडबडून जागा झाला. दोन्ही कान पाडून, शेपूट आत घेऊन तो उठला आणि बिचारा व्हरांड्यात निघून गेला.

मालक हसायला लागले, "आई, अगं तू होतीस ना इथे! अक्कांनी कॉम्प्युटरवर बसवलाय त्याला!" आजींनाही हसू फुटलं. त्या डोळ्यांना पदर लावून हसल्या. "ठाऊक आहे रे मला," म्हणाल्या, "पण तोंडातून गेलं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सरी आहे."

मी हसत होते आणि माझे डोळेही भरून आले होते. आजवर माझ्या कामाचं पुष्कळांनी कौतुक केलं. त्या ओरड्याच्या जवळपास जाईल असं एकही नाही.

हसू ओसरल्यावर मात्र आजींचं चित्त व्हरांड्याकडे लागलं. "पुट्टा," त्यांनी हाक मारली. तो आला नाही. दारातून फक्त नाक दिसत होतं. त्यांनी हातातल्या चित्राकडे पुन्हा पाहिलं, जरा वेळ पाहिलं. "बरा दिसतो वर," स्वतःशीच म्हणाल्या. मग उठल्या, ज्या सोफ्यावर बसल्या होत्या त्याचीच गादी ओढून काढली आणि फरशीवर टाकली.

"आई, अगं नवी गादी—" मालक म्हणाले.

"तू गप्प बस. ये रे, बा. काही केलं नाहीस तू. बा."

पुट्टा आला. गादीशी थांबून त्याने आजींचा चेहरा नीट पाहिला. आजींनी गादीवर थापटलं. मग त्याने एक पाय वर ठेवला, दुसरा ठेवला, जागच्या जागी गोल फिरला, आणि एका कुशीवर अंग टाकून बसला.

मी पटकन खाली वाकून पाहिलं. धंद्याची खोड. मागे खोल, पुढे कोपरांशी उथळ, पट्टे वाकलेले. अगदी माझ्या चित्रातल्यासारखं. फक्त तो गोल फिरून बसला होता, म्हणून त्याच्याभोवतीच्या वळ्याही गोल गेल्या होत्या. वाळूच्या पिशव्या फिरत नाहीत. माझ्या चित्रातल्या वळ्या सरळ होत्या.

"एक दुरुस्ती राहिलीय," मी मालकांना म्हटलं. "दोन दिवस द्या मला."

"पास झालंय हो अक्का!"

"झालं असेल. मला दिसलंय आता."

त्या वळ्या मी गोल केल्या. माहितीपत्रक छापून आलं तेव्हा मालकांनी त्याच्या गठ्ठ्याबरोबर स्टुडिओत एक पार्सल पाठवलं. आत खुर्चीच्या मापाची फोमची गादी होती, त्याच किरमिजी पट्ट्यांच्या कापडाची. सरांनी जुनी गादी स्वतःच्या हाताने काढली आणि नवी घातली, एवढंच.

मी बसले. कुणीकडेही न कलता, सरळ. संध्याकाळी उठले तेव्हा मागे वळून पाहिलं. पट्टे वाकले होते, माझ्या वजनाने, माझ्या मापाचे. मी दिवा घालवायच्या आधी ते सरळ होईपर्यंत थांबले, आणि घरी गेले.